फुली, चांदणी आणि सात रकाने

तालुक्याच्या बसस्थानकावरचा वेळापत्रकाचा फलक मोबाइलवर टिपणं हे मिनिटभराचं काम. त्या फोटोतल्या वेळा संगणकात उतरवून घ्यायच्या, म्हणजे तासाभराची टंकलेखनाची हमाली. खरी अडचण येते ती वेळांच्या शेजारी बारीक अक्षरात काढलेल्या चांदणी, फुली, त्रिकोण अशा खुणांपाशी. खाली, फलकाच्या तळाशी, त्यांचा खुलासा असतो: ‘रविवारी बंद’, ‘फक्त बाजारच्या दिवशी’, ‘शाळेच्या सुट्टीत बंद’. फलकासमोर उभा असलेला माणूस हे वाचतो, आज वार कोणता ते त्याला ठाऊक असतं, आणि आपली गाडी आहे की नाही हे तो क्षणात ठरवतो. मोबाइलमधल्या प्रवास-नियोजकाला मात्र ‘बाजारचा दिवस’ कळत नाही. त्याला प्रत्येक वाराचं वेगळं उत्तर लागतं. सोमवारी आहे का? मंगळवारी आहे का? असे सात प्रश्न, आणि प्रत्येकाचं उत्तर फक्त ‘होय’ किंवा ‘नाही’.

जगभरच्या बस आणि रेल्वेसेवा आपली वेळापत्रकं ज्या साच्यात देतात त्याचं नाव जीटीएफएस. २००५ साली अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराची परिवहन संस्था ट्रायमेट आणि गूगल यांनी मिळून तो घडवला. हा साचा म्हणजे साध्या मजकुराच्या काही फायली. त्यातल्या `calendar.txt` या फायलीत सोमवार ते रविवार असे सात रकाने असतात. गाडी धावत असेल तर `1`, नसेल तर `0`. मधलं काही चालत नाही. ‘बहुधा’, ‘सहसा’, ‘गर्दी असेल तर’ यांना त्या फायलीत जागा नाही. फलकावरच्या मोघम खुणेला या सात उत्तरांत बसवताना काय काय ठरवावं लागतं, ते एका उदाहरणातून पाहू.

आधी जसं दिसतं तसं

फोटोवरून काम करताना पहिला मोह असतो तो खूण दिसताक्षणी तिचा अर्थ लावून सात आकडे भरून टाकण्याचा. तसं करू नये. आधी खूण जशी दिसते तशी एका वेगळ्या रकान्यात उतरवावी, अर्थाचं काम नंतर करावं. चाळीस फेऱ्यांचा फलक असेल आणि ‘चांदणी म्हणजे रविवारी बंद’ असं धरून चाळीसही ओळी भरून झाल्या, मग कळलं की खुलाशात ‘रविवारी व सरकारी सुट्टीच्या दिवशी बंद’ असं आहे, तर चांदणीची प्रत्येक ओळ शोधून दुरुस्त करावी लागते. खूण वेगळी जपली असेल तर खुणांच्या छोट्या तक्त्यातली एकच ओळ बदलून भागतं. म्हणजे तक्ते दोन: एक फेऱ्यांचा, ज्यात वेळ, ठिकाण आणि खूण, दुसरा खुणांचा, ज्यात खूण, तिचा फलकावरचा खुलासा शब्दशः, आणि सात वार.

फोटोही त्या बेतानं काढावा लागतो. संपूर्ण फलक एका चौकटीत येईल असा समोरून एक, आणि मग खुणा वाचता येतील असे जवळून तीन-चार. तळाचा खुलासा हटकून कापला जातो, कारण तिथे बाकडं असतं, कुणी बसलेलं असतं किंवा जाहिरात चिकटवलेली असते. वेळा आहेत पण खुलासा नाही असा फोटो घरी आल्यावर फारसा कामाचा उरत नाही. फलकाच्या डोक्यावर ‘अमुक तारखेपासून लागू’ असं लिहिलेलं असेल तर तेही चौकटीत हवं. पुढे ते लागणारच आहे.

वाचताना फसवणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत. दोन ओळींच्या मधोमध पडलेली खूण वरच्या फेरीची की खालच्या, हे तिरप्या फोटोत कळत नाही. फोटो छापून त्यावर पट्टी ठेवून ओळ धरावी लागते. वारांची संक्षिप्त रूपं तर त्याहून वाईट. ‘शु’ आणि ‘श’ यांच्यात फरक फक्त उकाराचा. रंग उडाला किंवा खालची रेघ त्यावरून गेली की शुक्रवारची गाडी शनिवारची होते. ‘बु’ आणि ‘गु’ यांचंही तेच. इंग्रजी फलकावर ‘टी’ मंगळवारचा की गुरुवारचा, आणि ‘एस’ शनिवारचा की रविवारचा, हा घोळ आहेच. सर्वांत घातक चिन्ह मात्र आडवी रेघ. ‘सोम-शुक्र’ म्हणजे पाच दिवस आणि ‘सोम, शुक्र’ म्हणजे दोनच. अंधुक फोटोत स्वल्पविराम आणि छोटी रेघ सारखीच दिसतात. अशा वेळी दुसरा पुरावा शोधावा लागतो. त्याच फलकावर ‘फक्त मंगळ, बुध, गुरु’ अशी त्याच वेळेची दुसरी फेरी असेल, तर पहिली दोनच दिवसांची असणार.

कळलं नाही ते कळलं नाही असंच नोंदवावं. कामाच्या तक्त्यात रिकामी चौकट आणि शून्य यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शून्य म्हणजे ‘पाहिलं, ठरवलं, गाडी नाही’. रिकामी चौकट म्हणजे ‘अजून ठरलेलं नाही’. अंतिम फायलीत रिकामी चौकट चालत नाही, पण काम सुरू असताना ती असलीच पाहिजे. नाहीतर न वाचता आलेल्या खुणा गुपचूप ‘गाडी नाही’ होऊन बसतात.

एक फलक उलगडून

उदाहरणासाठी एक कल्पित फलक घेऊ. तालुक्याचं छोटं बसस्थानक, सहा फेऱ्या. सकाळी ७.०० जिल्ह्याच्या गावी, खूण नाही. ९.३० वरची वाडी, फुली. १०.१५ वरची वाडी, चांदणी आणि चौकट (#) दोन्ही. दुपारी २.०० देवस्थान, त्रिकोण. संध्याकाळी ५.३० जिल्ह्याच्या गावी, चांदणी. रात्री ७.४५ वरची वाडी मुक्काम, चांदणी, आणि तिच्याच पुढे बारीक अक्षरात ‘परत ६.१५’. तळाशी खुलासा असा: चांदणी म्हणजे रविवारी बंद; फुली म्हणजे फक्त बाजारच्या दिवशी (मंगळ.), चौकट म्हणजे शाळेच्या सुट्टीत बंद, त्रिकोण म्हणजे शनि., रवि. व सरकारी सुट्टीच्या दिवशी.

सातच्या फेरीला खूण नाही. खूण नसणं ही देखील एक खूणच आहे, आणि तिचा अर्थ कुठेही लिहिलेला नसतो. ‘रोज’ असंच धरायचं, पण फलकाच्या मथळ्यावर नजर टाकून. मथळ्यावरच ‘सोमवार ते शनिवार’ लिहिलं असेल तर बिनखुणेच्या सगळ्या फेऱ्या रविवारी नाहीत. आपल्या फलकावर तसं काही नाही, म्हणून सातही एक.

नऊ-तीसची फुली सोपी: मंगळवारी एक, बाकी सहा शून्य. इथे ‘बंद’ आणि ‘फक्त’ या दोन जातींच्या खुणांतला भेद लक्षात घ्यायला हवा. ‘बंद’ची खूण सात एकांपासून सुरू होते आणि काहींचे शून्य करते. ‘फक्त’ची खूण सात शून्यांपासून सुरू होते आणि काहींचे एक करते. खुलाशातला तो एक शब्द वाचायचा राहिला तर सातही उत्तरं उलटी पडतात. ब्रिटिश रेल्वेच्या वेळापत्रकांत हा भेद एका अक्षरावर तोललेला असतो: ‘एसएक्स’ म्हणजे शनिवार सोडून, ‘एसओ’ म्हणजे फक्त शनिवारी. झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये एक्स आणि ओ यांची गल्लत व्हायला किती वेळ लागतो?

सव्वादहाच्या फेरीवर दोन खुणा आहेत. दोन ‘बंद’च्या खुणा एकत्र आल्या की दोन्ही बंद लागू होतात, रविवारीही नाही आणि शाळेच्या सुट्टीतही नाही. दोन ‘फक्त’च्या खुणा एकत्र आल्या तर मात्र उलट: ‘फक्त मंगळवारी’ आणि ‘फक्त शनिवारी’ या दोन्ही खुणा एका फेरीवर असतील तर ती मंगळवारी आणि शनिवारी, दोन्ही दिवशी धावते. कारण दोन्ही अटी एकदम लावल्या तर एकही दिवस उरत नाही, आणि कधीच न धावणारी गाडी कुणी फलकावर लिहीत नाही. आणि एक ‘फक्त’ व एक ‘बंद’ अशी जोडी दिसली, जसं ‘फक्त मंगळवारी’ आणि ‘रविवारी बंद’, तर थांबावं. फक्त मंगळवारच्या गाडीला रविवारी बंद म्हणायची गरज नाही. यातली एक खूण बहुधा शेजारच्या ओळीची आहे.

‘शाळेच्या सुट्टीत बंद’ या खुणेत सात रकान्यांच्या पलीकडची गोष्ट आहे. वारांपुरतं पाहिलं तर सव्वादहाची फेरी आणि साडेपाचची फेरी सारख्याच: सोमवार ते शनिवार एक, रविवार शून्य. तरी दोघींना एकाच नावाखाली घालता येत नाही, कारण दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पहिली थांबते, दुसरी चालू राहते. सात आकडे सारखे म्हणून सेवा सारखी, असं होत नाही. आणि इथेच फलक न बोललेला एक प्रश्न उभा राहतो. ग्रामीण भागातल्या पुष्कळ शाळा शनिवारी सकाळी भरतात. मग सव्वादहाची शाळेची फेरी शनिवारी त्याच वेळेला कशी? फलकावर याचं उत्तर नाही. चौकशी खिडकीतल्या वाहतूक नियंत्रकाला विचारायचं. तोवर शनिवारची चौकट रिकामी. समजा त्यांनी सांगितलं की गाडी शनिवारीही त्याच वेळेला सुटते, तर एक भरायचा आणि कुणाला कधी विचारलं ते शेजारी लिहून ठेवायचं.

मुक्कामी गाडीचा सोमवार

आता या फलकावरची सर्वांत अवघड ओळ. रात्री पावणेआठची मुक्कामी गाडी वरच्या वाडीला जाते, चालक-वाहक तिथेच झोपतात आणि पहाटे सव्वासहाला गाडी परत निघते. चांदणी जाण्याच्या वेळेशेजारी आहे, ‘परत ६.१५’शेजारी काहीच नाही. घाईत भरणारा काय करेल? एकच ओळ आहे, एकच खूण आहे, तेव्हा परतीलाही ‘रविवारी बंद’ लावेल.

पण गाडी कुठे आहे ते पाहू. शनिवारी रात्री ती वाडीला जाते. म्हणजे रविवारी सकाळी ती वाडीतच उभी आहे आणि तिला परत यावंच लागतं. रविवारी रात्री ती जात नाही. म्हणजे सोमवारी सकाळी वाडीत गाडीच नाही. परतीच्या फेरीचं खरं उत्तर रविवारी एक आणि सोमवारी शून्य. खूण डोळे झाकून उतरवली तर दोन वार चुकतात, आणि चूक वाईट दिशेनं होते: सोमवारी सकाळी सव्वासहाला कॉलेजला किंवा कोर्टाच्या तारखेला निघालेला माणूस नसलेल्या गाडीची वाट पाहत राहतो.

अर्थात हाही तर्कच. सोमवारी पहाटे आगारातून रिकामी गाडी वाडीला पाठवून सव्वासहाची फेरी करत असतील, तर सोमवारीही एक. फलकावरून इतकंच कळतं की सोमवारचं उत्तर विचारून घ्यायला हवं. आपल्या उदाहरणात अशी जादा गाडी नाही असं धरू. मग सगळा फलक या सहा ओळींत येतो:

```
service_id,monday,tuesday,wednesday,thursday,friday,saturday,sunday,start_date,end_date
ROJ,1,1,1,1,1,1,1,20260101,20261231
BAZAR,0,1,0,0,0,0,0,20260101,20261231
SHALA,1,1,1,1,1,1,0,20260101,20261231
SUTTI,0,0,0,0,0,1,1,20260101,20261231
RAVI_BAND,1,1,1,1,1,1,0,20260101,20261231
MUKKAM_PARAT,0,1,1,1,1,1,1,20260101,20261231
```

शेवटची दोन नावं शेजारी ठेवून पाहिली तर शून्य रविवारवरून सोमवारवर सरकलेलं दिसतं. रात्र ओलांडणाऱ्या कुठल्याही सेवेत हे सरकणं तपासावं लागतं. मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या शेवटच्या लोकलचाही असाच प्रश्न आहे. रविवारच्या वेळापत्रकातली रात्री साडेबाराची गाडी घड्याळानं सोमवारची असते, पण सेवेच्या हिशेबानं रविवारची. जीटीएफएसनं यावर युक्ती काढली आहे. सेवेचा दिवस मध्यरात्री संपत नाही. साडेबाराची वेळ `24:30:00` अशी लिहायची आणि वार रविवारचाच ठेवायचा. मुक्कामी गाडीला ही युक्ती लावायची गरज नाही, कारण परतीची फेरी ही स्वतंत्र फेरी आहे. तिला तिचा स्वतःचा वार द्यावा हे सरळ.

एकाच गाडीचे दोन आठवडे

वरच्या तक्त्यातले शेवटचे दोन रकाने, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, कुणी फारसे मनावर घेत नाही. त्यांचं मोल कळायला कोकण रेल्वेकडे पाहावं. मुंबई-मडगाव वंदे भारत (क्रमांक २२२२९ आणि परतीची २२२३०) २०२३ च्या जूनअखेर सुरू झाली ती पावसाळी वेळापत्रकात. त्या वेळापत्रकात ती मुंबईहून सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि मडगावहून मंगळवार, गुरुवार, शनिवार अशी धावायची. पावसाळा संपल्यावर ती शुक्रवार सोडून आठवड्याचे सहा दिवस, दोन्ही बाजूंनी धावू लागली. गाडी तीच, क्रमांक तेच, पण वारांच्या ओळी अगदी वेगळ्या. मुंबईहून सुटणाऱ्या गाडीच्या फक्त सात रकान्यांपुरतं लिहिलं तर असं:

```
PAVSALI,1,0,1,0,1,0,0
EKHI,1,1,1,1,0,1,1
```

यामागचं कारण गाडीच्या वेगात आहे. कोरड्या दिवसांत ती साधारण पावणेआठ तासांत मडगावला पोचते आणि त्याच दिवशी परत फिरते. पावसाळ्यात दरडींच्या भीतीनं कोकण रेल्वेवर वेग उतरवतात, प्रवास दहा तासांपर्यंत जातो, आणि एकाच गाडीला एका दिवसात जाऊन येणं जमत नाही. म्हणून एक दिवस जाणं, दुसऱ्या दिवशी येणं. मडगावच्या पावसाळी ओळीत एक मंगळ, गुरु, शनिवर येतो तो यामुळे. ही देखील एका अर्थानं मुक्कामी गाडीच झाली.

या दोन ओळी वेगवेगळ्या ठेवतात त्या तारखांच्या रकान्यांमुळे. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक अनेक वर्षं १० जून ते ३१ ऑक्टोबर असं लागू व्हायचं. पण या तारखा पक्क्या नसतात. २०२५ मध्ये त्या बदलल्या. म्हणून जुन्या फोटोवरून नव्या वर्षाची तारीख अंदाजानं टाकू नये. आणि या साच्यात एका नावाला एकच ओळ मिळते, तेव्हा दोन मोसमांना दोन नावं लागतात. एकाच नावाखाली दोन ओळी घातल्या तर तपासणीत फाइल अडकते.

सुट्टी कुठल्या रकान्यात बसते?

सात रकान्यांना सगळ्यांत अवघड जाणारा शब्द आहे ‘सुट्टी’. युरोपच्या रेल्वे वेळापत्रकांनी हा प्रश्न खुणांच्या पातळीवर फार पूर्वी सोडवला. टॉमस कुकनं १८७३ मध्ये सुरू केलेलं युरोपचं वेळापत्रक अजूनही ‘युरोपियन रेल टाइमटेबल’ या नावानं निघतं. त्यात एकमेकांवर आडव्या ठेवलेल्या दोन हातोड्यांची खूण म्हणजे सोमवार ते शनिवार, सार्वजनिक सुट्ट्या सोडून. क्रूसाची खूण म्हणजे रविवार आणि सुट्ट्या. वर्तुळातलं ‘ए’ म्हणजे सोमवार ते शुक्रवार, सुट्ट्या सोडून. वर्तुळातलं ‘सी’ म्हणजे शनिवार, रविवार आणि सुट्ट्या. वर्तुळातले एक ते सात हे अंक म्हणजे सोमवार ते रविवार. सुट्टी ही त्यांच्या लेखी आठव्या वारासारखी आहे. ती कुठल्याही वारावर येऊन बसते आणि त्या दिवसाची ओळख बदलून टाकते.

सात रकान्यांत आठवा वार लिहायला जागा नाही, म्हणून दुसरी फाइल लागते: `calendar_dates.txt`. तिच्यात तारीखवार अपवाद येतात. `1` म्हणजे त्या तारखेला सेवा वाढवली, `2` म्हणजे काढली. इथला `1` आणि आधीच्या फायलीतला `1` यांचा अर्थ जवळचा आहे, पण ‘काढली’साठी इथे शून्य नव्हे, दोन लिहायचं, हे विसरतं. आपल्या फलकावरची देवस्थानची त्रिकोणवाली फेरी घेऊ. २०२६ मध्ये २६ जानेवारीला सोमवार आहे आणि १ मे रोजी शुक्रवार. सात रकान्यांनुसार दोन्ही दिवशी ती गाडी नाही. म्हणून दोन ओळी वाढवाव्या लागतात:

```
service_id,date,exception_type
SUTTI,20260126,1
SUTTI,20260501,1
```

१५ ऑगस्ट २०२६ ला शनिवार आहे. त्या दिवशी ती गाडी मुळातच धावते, तेव्हा त्याची ओळ नको. शाळेच्या फेरीसाठी उलट काम: सुट्टीतल्या प्रत्येक धावत्या दिवसाला `SHALA` आणि `2`. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी ही यादी लांबते, पण ती टाळता येत नाही. ‘सरकारी सुट्टी’ म्हणजे नेमक्या कोणत्या तारखा, हे फलक सांगत नाही; राज्य शासनाची यादी दरवर्षी नव्यानं निघते आणि स्थानिक सुट्ट्या जिल्ह्यागणिक बदलतात. म्हणून हा भाग फोटोवरून कधीच पुरा होत नाही. सात रकाने वर्षभर टिकले तरी सुट्ट्यांची फाइल दरवर्षी नव्यानं करावी लागते.

भरताना होणारे घात

सात वेगळे रकाने कशाला, ‘1111110’ असा एकच आकडा का नको, असा प्रश्न पडतो. ब्रिटिश रेल्वेच्या विदा-फायलींत तसाच सात अंकी ठोकळा असतो. पण घरच्या संगणकावर हे काम स्प्रेडशीटमध्ये होतं, आणि परतीच्या मुक्कामी गाडीचा `0111111` तिथे टाकला की सुरुवातीचं शून्य गळून `111111` उरतं. सहा अंक, आणि कोणता वार हरवला ते पाहताक्षणी कळत नाही. रकाने वेगळे असतील तर शून्य जागेवर राहतं, शिवाय ‘रविवारी धावणाऱ्या सगळ्या फेऱ्या’ एका गाळणीत समोर येतात.

खुणेवरून सात आकडे आपोआप भरण्यासाठी `VLOOKUP` वापरणाऱ्यांना आणखी एक खड्डा आहे. एक्सेलच्या शोधात `*` या चिन्हाला ‘काहीही’ असा अर्थ आहे. चांदणी शोधायला सांगितली की ते खुणांच्या तक्त्यातली पहिली मिळेल ती खूण उचलतं आणि तिचे सात आकडे बिनबोभाट भरतं. कुठेही चुकीचा इशारा येत नाही. `~*` असं लिहून हे टाळता येतं, पण त्याहून बरं म्हणजे खुणा उतरवतानाच त्यांना `CHANDANI`, `PHULI`, `TRIKON` अशी नावं द्यावीत. फुलीसाठी कुणी गुणाकाराचं चिन्ह टाकतं, कुणी इंग्रजी एक्स. नाव दिलं की तोही वाद मिटतो. मराठी कळफलक चालू राहिला आणि चौकटीत ‘१’ पडलं तर डोळ्याला ते बरोबर दिसतं, मात्र फाइल तपासणारी आज्ञावली ते नाकारते.

आणि वारांचा क्रम. भिंतीवरची आपली दिनदर्शिका रविवारपासून सुरू होते, जीटीएफएसचा आठवडा सोमवारपासून. सवयीनं पहिला रकाना रविवारचा धरून भरला तर अख्खा तक्ता एका वारानं सरकतो. ही चूक ओळखायला सोपी आहे: प्रत्येक रकान्याची बेरीज घ्यावी. आपल्या उदाहरणात, परतीसकट सात फेऱ्यांची मोजणी केली तर सोमवारी चार, मंगळवारी सहा, बुध ते शुक्र पाच-पाच, शनिवारी सहा आणि रविवारी तीन फेऱ्या येतात. बाजारच्या मंगळवारी आणि देवस्थानाच्या शनिवारी वाढ, रविवारी घट, हे गावाच्या राहणीशी जुळतं. बेरजेत सोमवारी तीन फेऱ्या आल्या असत्या तर रविवारचं उत्तर सोमवारवर बसलं आहे हे लगेच कळलं असतं.

दुसरी तपासणी गाड्यांच्या तोलाची. गावाला गेलेली गाडी परत यायलाच हवी. एखाद्या वारी जाणाऱ्या फेऱ्या चार आणि येणाऱ्या तीन निघाल्या, तर एकतर मुक्काम आहे किंवा कुठली तरी खूण चुकीच्या ओळीला लागली आहे. मुक्कामी गाडीचा सोमवार आपल्याला सापडला तो अशाच हिशेबातून.

इतकं करूनही एखादी चौकट रिकामी उरते. खूण पुसट आहे, खिडकीवरचा माणूस बदललेला आहे, आणि फाइल तर द्यायची आहे. मग तिथे एक भरावा की शून्य? दोन्ही चुका सारख्या महाग नाहीत. नसलेली गाडी ‘आहे’ म्हणून दाखवली तर माणूस थांब्यावर अडकतो, आणि ती दिवसाची शेवटची गाडी असेल तर रात्रभर अडकतो. असलेली गाडी ‘नाही’ म्हणून दाखवली तर तो आधीच्या गाडीनं जातो, किंवा फोन करून विचारतो. म्हणून शंका उरली तर शून्य, आणि त्या ओळीसमोर फलकावरचा खुलासा शब्दशः, फोटोची तारीख आणि काय कळलं नाही ते लिहून ठेवायचं. पुढच्या वेळी कुणी त्या बसस्थानकावर गेलं तर त्याला अख्खा फलक पुन्हा वाचायचा नसतो. तेवढा एक प्रश्न घेऊन चौकशी खिडकीशी जायचं असतं.